तीन नंबर काउंटरवर ३७ मिनिटं वेटिंग? आमच्या सोलापूरच्या शाखेतल्या टोकनच्या रेकॉर्डचं प्रकरण

बँकेचं नाव लिहीत नाही, शाखा सात रस्त्याच्या जवळपास आहे एवढं पुरे. मी तिथं ऑफिसर, आणि शाखेत एक्सेल येणारा माणूस म्हणून जो एक बळीचा बकरा असतो तो मीच. डिसेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात मॅनेजर साहेबांनी बोलावलं, म्हणले वरून विचारणा आली आहे, नोव्हेंबरमध्ये तक्रारी लई झाल्या, टोकन मशीनमधून रेकॉर्ड काढ आणि तासाप्रमाणं, काउंटरप्रमाणं सरासरी वेटिंग किती ते एका पानावर दे. म्हणलं देतो, संध्याकाळपर्यंत देतो. संध्याकाळी दिलं पण, आणि तिथंच घोळ झाला.

आधी शाखेची रचना सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. चार काउंटर. १ आणि २ कॅशचे, त्यांची टोकनं A नं सुरू होतात. ३ आणि ४ बाकी सगळ्याचे, म्हणजे केवायसी, एनईएफटी, पासबुक, नॉमिनी, आणि नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला, त्यांची टोकनं B. ३ वर एक मॅडम आहेत, मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही फाडफाड बोलतात, पूर्व भागातल्या आज्ज्या त्यांच्याशिवाय कुणाशी बोलायला तयार नसतात. ४ वर बसणाऱ्या सरांकडं B च्या कामाबरोबर लॉकरचंही काम आहे. हे लक्षात ठेवा, पुढं लागतंय.

मशीनचं सॉफ्टवेअर महिन्याची सीएसव्ही फाइल काढून देतं. एका टोकनला एक ओळ, अशी:

```
TokenNo,Service,IssueTime,CallTime,Counter,EndTime,Status
B017,B,04/11/2024 11:48:20,04/11/2024 12:33:05,3,04/11/2024 12:38:50,SERVED
```

टोकन निघालं ११:४८ ला, नंबर पुकारला १२:३३ ला, काम संपलं १२:३८ ला. वेटिंग म्हणजे पुकारल्याची वेळ वजा टोकनची वेळ, इथं पावणेपंचेचाळीस मिनिटं. शेवटची साडेपाच-पावणेसहा मिनिटं हा कामाचा वेळ, तो वेटिंगमध्ये धरायचा नाही. पब्लिक दोन्ही मिळून "बँकेत तास गेला" म्हणतं, ते त्यांच्या जागी बरोबरच आहे, पण दोन्हीची कारणं वेगळी असतात म्हणून रकाने वेगळे ठेवायचे.

मी काय केलं, फाइलवर डबल क्लिक केलं, एक्सेलमध्ये उघडली, वजाबाकी केली, १४४० नं गुणलं (एक्सेलमध्ये एक दिवस म्हणजे १, म्हणून मिनिटं काढायला १४४०), काही ओळींना `#VALUE!` आलं म्हणून `IFERROR` लावून ती रिकामी केली, पिव्होट टाकला, झालं. काउंटर ३: ३७ मिनिटं. काउंटर ४: २१ मिनिटं. कॅशचे दोन्ही १५ च्या आसपास. सगळ्यात जास्त गर्दी दुपारी १ ते २. प्रिंट काढून साहेबांच्या टेबलावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी मॅडमना केबिनमध्ये बोलावलं. दार बंद होतं पण आवाज बाहेर येत होता, "मी काय झोपते काय काउंटरवर?" एवढं तर सगळ्या हॉलनं ऐकलं. बाहेर आल्यावर त्या सरळ माझ्या टेबलाशी आल्या, म्हणल्या, "तू काढलास ना बे हे? मग नीट काढ." सोलापुरात बे म्हणलं म्हणजे राग आला असं नसतं, पण त्या दिवशी होता.

मग मी नीट काढायला बसलो, आणि पहिल्या दहा मिनिटांतच घाम फुटला.

पिव्होटमध्ये तारखा टाकून बघितल्या. नोव्हेंबरमध्ये आमचे कामाचे दिवस हाताच्या बोटावर मोजले, दिवाळीची सुट्टी, रविवार, दुसरा चौथा शनिवार, गुरुनानक जयंती, २० तारखेचं मतदान हे सगळं सोडून २० दिवस येतात. माझ्या पिव्होटमध्ये आकडे होते फक्त ७ दिवसांचे. आणि त्या ७ तारखा पण एप्रिल, मे, जून अशा दिसत होत्या. झालं असं की आमच्या कॉम्प्युटरची रीजन सेटिंग अमेरिकेची, तिकडं महिना आधी आणि दिवस नंतर. एक्सेलनं 04/11 ला ११ एप्रिल समजलं. 13/11 पासून पुढच्या तारखांना तेरावा महिना सापडेना म्हणून त्या नुसता मजकूर म्हणून सोडल्या, त्यांच्यावर वजाबाकी केली की `#VALUE!`, आणि ते मीच माझ्या हातानं `IFERROR` खाली झाकून टाकलं. गंमत म्हणजे उलट्या झालेल्या तारखांची वजाबाकी बरोबर येते, कारण दोन्ही वेळा सारख्याच उलट्या होतात, तासही बरोबर येतो, त्यामुळं आकडा बघून काहीच शंका येत नाही. म्हणजे माझा रिपोर्ट होता ४ ते ८, ११ आणि १२ तारखेचा. हयातीच्या दाखल्याला सगळे पेन्शनर सुरुवातीलाच येतात, दिवाळी संपली की लगेच, म्हणजे महिन्यातले सगळ्यात वाईट ७ दिवस मी अख्खा महिना म्हणून दिले होते.

उघडलेल्या फाइलमध्ये हे दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका, उलटी झालेली तारीख कुठली आणि सुलटी कुठली ते नंतर ओळखता येत नाही (11/11 तर दोन्हीकडून सारखीच). मूळ सीएसव्ही परत घ्यायची, आयात करताना वेळेचे तिन्ही रकाने Text ठेवायचे, आणि तारीख आपण जुळवायची:

```
H2: =DATE(MID(C2,7,4),MID(C2,4,2),LEFT(C2,2))+TIMEVALUE(MID(C2,12,8))
I2: =DATE(MID(D2,7,4),MID(D2,4,2),LEFT(D2,2))+TIMEVALUE(MID(D2,12,8))
J2: =(I2-H2)*1440
K2: =HOUR(H2)
```

`IFERROR` कुठं नाही, मुद्दाम. आता ज्या ओळींना एरर येतो त्या म्हणजे चार वाजता शटर ओढलं तरी पुकारलीच न गेलेली टोकनं, `CallTime` रिकामा. ती डोळ्यानं बघून बाजूला काढायची आणि मोजून ठेवायची.

`K2` मध्ये `H2` घेतलाय, म्हणजे टोकन कुठल्या तासाला निघालं. पहिल्या रिपोर्टला मी पुकारल्याचा तास घेतला होता. वरची B017 बघा, माणूस आला पावणेबाराला, पुकारला गेला साडेबारानंतर. पुकारल्याच्या तासावर गट केला तर त्याची ४५ मिनिटं १२ च्या खात्यात पडतात, टोकनच्या तासावर केला तर ११ च्या. लाइन जेवढी लांब तेवढी ही सरक जास्त, म्हणून माझ्या पहिल्या रिपोर्टमध्ये गर्दी १ ते २ दिसत होती आणि साहेब लंचची वेळ पुढं ढकलायच्या विचारात होते. खरं तर लोक अडकत होते ११ पासून. माणसं कधी बसवायची हे ठरवायचं असेल तर लोक कधी येतात ते बघायचं, म्हणून टोकनचा तास.

आता मुख्य गोष्ट. २० दिवसांचा बरोबर पिव्होट काढला, फक्त B टोकनं, फक्त `SERVED`. काउंटर ३: ९०० टोकनं, सरासरी २८.९ मिनिटं. काउंटर ४: ४४० टोकनं, सरासरी १९.६ मिनिटं. फरक कमी झाला पण गेला नाही. मॅडम मागं उभ्याच होत्या, म्हणल्या म्हणजे अजून पण माझंच नाव वर का.

आणि मला तिथं कळंना की असं होईल कसं. ३ आणि ४ ची लाइन वेगळी नाहीच आहे. B ची लाइन एकच, ज्या काउंटरवरनं Next दाबलं जाईल तिकडं पुढचा नंबर जातो. माणूस बाकड्यावर बसतो तेव्हा तो तीनसाठी थांबलाय की चारसाठी हे त्यालाही माहीत नसतं, मशीनलाही नाही. मग तीनला गेलेला माणूस नऊ मिनिटं जास्त कसा थांबला?

मग तास आणि काउंटर एकत्र टाकले:

| टोकन निघाल्याचा तास | ३: टोकनं | ३: सरासरी मिनिटं | ४: टोकनं | ४: सरासरी मिनिटं |
|---|---|---|---|---|
| १० | २०० | १५ | १६० | १५ |
| ११ | १९० | ३३ | ४० | ३२ |
| १२ | १८० | ४४ | १० | ४३ |
| १ | १५० | ३८ | ३० | ३७ |
| २ | १०० | २२ | ११० | २१ |
| ३ | ८० | १२ | ९० | १२ |

आडव्या ओळी वाचा. दहाला दोन्हीकडं १५. बाराला ४४ आणि ४३. एकाही तासाला एक मिनिटापेक्षा जास्त फरक नाही, आणि नसणारच, लाइन एक आहे म्हणल्यावर. फरक आहे तो टोकनांच्या रकान्यात. बाराच्या तासातली तीनकडं १८० गेली, चारकडं १०. महिन्यात दहा, म्हणजे दोन दिवसांत एक. जेव्हा सगळ्यात जास्त थांबावं लागत होतं तेव्हा चार नंबरची खुर्ची रिकामी होती, त्यामुळं ती ४४-४४ मिनिटं सगळी मॅडमच्या नावावर चढली. चारच्या नावावर सकाळची आणि दुपारनंतरची सोपी टोकनं. बरं, चार रिकामं होतं म्हणूनच तर ती ४४ झाली. म्हणजे जी बाई एकटी किल्ला लढवत होती तिचाच आकडा सगळ्यात वाईट.

हे साहेबांना दाखवलं तर ते जुने माणूस, त्यांनी कॅल्क्युलेटर काढला. तीनची सहा तासांची सरासरी बेरीज करून सहानं भागली, आली २७.३. चारची केली, आली २६.७. म्हणले, "अरे हे तर सारखंच आहे, तुझ्या कागदावर २८.९ आणि १९.६ कुठून आलं? चुकलंय तुझं."

सरासरीची सरासरी काढू नये हे मला पाठ होतं, मी तोंड उघडलं पण, आणि मग गप्प बसलो. कारण नियमानं त्यांचं गणित चूक, दहा टोकनांच्या ४३ ला आणि १६० टोकनांच्या १५ ला एकच वजन दिलं होतं त्यांनी. पण नकळत त्यांनी दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर काढलं होतं: दोघं सगळे तास सारखेच बसले असते तर दोघांच्या नावावर किती वेटिंग दिसलं असतं? सारखंच दिसलं असतं. चारला आलेल्या ४४० माणसांनी खरोखर किती वाट बघितली, तर १९.६. दोन्ही आकडे खरे, प्रश्न वेगळे. दोन काउंटरची तुलनाच करायची असली तर साहेबांचा आकडा माझ्यापेक्षा प्रामाणिक निघाला, हे मी त्यांना त्या दिवशी सांगितलं नाही, इथं सांगतो.

मग चार नंबरचे सर कुठं जात होते? हे पण रेकॉर्डमध्येच सापडलं, आणि इथं मी आणखी एक चूक करणार होतो. कामाचा वेळ काढला, म्हणजे `EndTime` वजा `CallTime`. तीनला सरासरी ६.१ मिनिटं, चारला ९.४. मनात आलं, चला, सर स्लो आहेत. पण आता जरा शहाणा झालो होतो म्हणून मोठ्यापासून लहान अशी यादी लावली. वरच्या ३७ ओळी अर्ध्या तासाच्या वरच्या, कुणी ४० मिनिटं, कुणी ५५, आणि सगळ्या चारच्याच, बहुतेक अकराच्या पुढंमागं सुरू झालेल्या. `EndTime` आपोआप पडत नाही, पुढचं Next दाबल्यावर किंवा काउंटर क्लोज केल्यावर पडते. सर शेवटच्या माणसाचं काम करून, चालू टोकन तसंच ठेवून, किल्ल्या घेऊन लॉकररूमला जायचे. मशीनला वाटायचं अजून त्याच माणसाचं काम चाललंय. ते ३७ बाजूला ठेवले तर चारची सरासरी बरोबर ६. म्हणजे सर पण स्लो नाहीत. लॉकरवाले लोक अकरालाच येतात, सोनं काढायला, लग्नसराईत तर विचारूच नका, आणि लॉकरला टोकन नसतं, म्हणून या सगळ्या रेकॉर्डमध्ये लॉकर हा शब्दच नाही. त्याची फक्त सावली दिसते, त्या ३७ ओळींमध्ये.

आकडा खरा आहे का हे एकदा डोळ्यानं तपासायचं होतं. सोपी पद्धत आहे. बाराच्या तासात B ची १९० टोकनं २० दिवसांत, म्हणजे दिवसाला साडेनऊ. प्रत्येकजण ४४ मिनिटं थांबतो. साडेनऊ गुणिले ४४ भागिले ६०, म्हणजे कुठल्याही क्षणी बाकड्यावर B वाले सरासरी ७ जण असायला पाहिजेत. नोव्हेंबर तर गेला होता, पण हॉलमधल्या आमच्या गार्ड मामांना विचारलं, मामा, मागच्या महिन्यात बाराला किती माणसं बसलेली असायची मॅडमच्या समोर? म्हणले, "तो डावीकडचा बाकडा फुल्ल, आणि एक-दोघं भिंतीला टेकून." बाकडा पाच जणांचा आहे. जमलं.

पण मामांनीच पुढं जे सांगितलं ते मशीनमध्ये नाही. मी फाइलमध्ये बघितलं होतं की रोज १० वाजून २ मिनिटांच्या आत बारा-चौदा टोकनं निघतात, इतकी माणसं एकदम दोन मिनिटांत कशी येतील? येत नाहीतच, ती साडेनऊपासून शटरबाहेर फुटपाथवर उभी असतात. मशीनसाठी त्यांचं वेटिंग दहाला सुरू होतं. त्यामुळं दहाच्या ओळीतला १५ हा आकडा निम्म्या लोकांसाठी खोटा आहे, त्यात अर्धा तास मनानं मिळवायचा. दुरुस्त करायला काही मार्ग नाही, कागदाखाली एक ओळ लिहिली फक्त.

तसंच `NOSHOW` चं. नंबर पुकारला, तीनदा पुकारला, कुणी आलं नाही. या ओळींना `CallTime` असतो, त्यामुळं गाळल्या नाहीत तर त्या गपचूप सरासरीत घुसतात, आणि ते वेटिंग कुणी भोगलेलं नसतं. मी त्या सरासरीतून काढल्या पण शेजारी संख्या लिहिली. बाराच्या तासाला काम झालेली १९०, गायब ३४. तीनच्या तासाला काम झालेली १७०, गायब २. म्हणजे ४४ मिनिटं ही टिकून राहिलेल्यांची सरासरी आहे, कंटाळून गेलेल्यांची नाही. अर्थात ३४ चे ३४ कंटाळून गेले असंही नाही म्हणता येत, आपले लोक हुशार, A पण काढतात आणि B पण काढतात, जो नंबर आधी लागेल तिकडं जातात. नाव नसतं टोकनवर, त्यामुळं ते वेगळं काढता येत नाही.

शेवटचा कागद दिला त्यात "काउंटरप्रमाणं सरासरी" असा नुसता रकाना ठेवलाच नाही. वेटिंग दिलं लाइनप्रमाणं आणि तासाप्रमाणं, A चं वेगळं, B चं वेगळं. काउंटरप्रमाणं दिली दोनच गोष्टी, कुठल्या तासाला किती टोकनं घेतली आणि कामाचा मधला वेळ, म्हणजे मीडियन, सरासरी नाही, नाहीतर परत ते लॉकरचे ३७ येऊन बसतात. साहेब म्हणले वरच्यांनी काउंटरप्रमाणं मागितलंय. म्हणलं साहेब, द्या, पण मग तासासकट द्या, वरचा तो सहा ओळींचा तक्ता. तो गेला.

डिसेंबरच्या मध्यापासून ११ ते १ लॉकर दुसऱ्या ऑफिसरकडं दिलं. जानेवारीत बघितलं तर बाराच्या तासाला B चं वेटिंग १९ मिनिटं, दोन्ही काउंटरला सारखं. साहेब खूश, मी निम्मा खूश, कारण हयातीचे दाखले संपले होते, बाराच्या तासाची टोकनंच दिवसाला साडेनऊवरून सातवर आली होती. लॉकर हलवल्यानं किती कमी झालं आणि दाखले संपल्यानं किती, हे वेगळं करायला पुढचा नोव्हेंबरच लागणार.

मॅडमनी तो तक्ता काउंटरच्या काचेखाली ठेवलाय, बाराच्या ओळीतला १० हा आकडा लाल पेनानं गोल करून. सर शेजारीच बसतात, रोज बघतात, काही बोलत नाहीत. आता लॉकरकडं उठायची वेळ आली की आधी काउंटर क्लोज करतात.